कोलायटिस असलेल्या विद्यार्थिनीने वॉर्डनना लिहायचे पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्सरेटिव्ह कोलायटिस घेऊन मी वसतिगृहात तीन वर्षे काढली आणि त्या काळात वॉर्डनना एकूण दोन पत्रे लिहिली. पहिल्या पत्राचा काहीच उपयोग झाला नाही, दुसऱ्याचा झाला. दोन्ही पत्रांत आजार तोच होता, अडचणही तीच होती. फरक कुठे पडला, हे विचारणाऱ्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

पत्र कशासाठी? वॉर्डनना भेटून तोंडी सांगितले तर भागणार नाही का?

भेटून अवश्य सांगावे, पण पत्र हातात घेऊनच भेटावे. तोंडी सांगितलेले वॉर्डनपुरते राहते. मेसच्या आचाऱ्याला, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला किंवा सत्राच्या मध्यावर बदलून आलेल्या नव्या वॉर्डनना ते कळत नाही, आणि अडचण नेमकी रात्री दोन वाजता पहारेकऱ्यासमोर किंवा मेसच्या खिडकीशी उभी राहते. शिवाय शौचाबद्दल समोरासमोर बोलताना आपण संकोचाने अर्धे शब्द गिळतो. ‘पोटाचा थोडा त्रास आहे’ एवढेच बोलून परत आलेल्या दोघी-तिघी मला माहीत आहेत. त्यातली एक मीच.

आजार किती समजावून सांगावा?

चार वाक्यांपेक्षा जास्त नाही. माझे पहिले पत्र अडीच पानांचे होते आणि त्यातली दोन पाने आजाराचीच होती. ते वाचून वॉर्डनना माझी दया आली, पण नेमके काय करायचे ते कळले नाही. त्यांना एवढेच कळायला हवे की हा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकालीन आजार आहे. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे स्वच्छतागृह किंवा भांडी इतरांनी वापरल्यास कोणालाही धोका नाही. तो बाहेरचे खाल्ल्यामुळे झालेला नाही. आणि तो काही महिने शांत राहून मध्येच काही आठवडे उसळतो. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण परवा मैदानावर खेळताना दिसलेली मुलगी आज खोली बदलून का मागते, असा प्रश्न वॉर्डनना पडणारच असतो आणि त्याचे उत्तर त्या वाक्यात असते.

‘थोडा वेळ धरता येत नाही का?’ असे विचारतात. याला काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न खोडसाळपणाचा नसतो, त्यामुळे उत्तर शांतपणे द्यावे. या आजारात सूज गुदाशयापासून सुरू होते आणि तेथून वर सरकते. निरोगी गुदाशय पिशवीसारखा ताणला जातो, त्यामुळे शौचाचा वेग आला तरी माणूस तासभर तो पुढे ढकलू शकतो. सुजलेला गुदाशय ताणलाच जात नाही. आत चमचाभर आव आणि रक्त असले तरी तो पूर्ण भरल्यासारखा इशारा देतो आणि आवळून ते बाहेर ढकलू पाहतो. म्हणूनच कधी कधी धावत जाऊनही फक्त रक्त आणि आव पडते, आणि पाच मिनिटांत पुन्हा मुरडा येतो. हा वेग मनाच्या निर्धाराने थांबत नाही. जेवणानंतर आणि सकाळी उठल्यावर आतड्याची हालचाल सगळ्यांचीच वाढते. आमची सुजलेल्या आतड्यात वाढते, म्हणून त्या वेळा सर्वांत अवघड असतात.

पत्रात हे सगळे लिहू नये. ‘वेग आल्यापासून माझ्या हातात दोन ते तीन मिनिटे असतात’ एवढे एक वाक्य पुरते, आणि ते आकड्यात असल्यामुळे कोणाला त्यावर वाद घालता येत नाही.

स्वच्छतागृहाजवळची खोली मागितली की झाले, नाही का?

मलाही तसेच वाटले होते. पहिल्या पत्रात मी ‘स्वच्छतागृहाजवळची खोली मिळावी’ एवढेच लिहिले, आणि ‘सध्या रिकामी नाही’ असे उत्तर आले. त्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी सात दिवसांची नोंद ठेवली. वहीच्या एका पानावर चार रकाने आखले : वेग कधी आला, पोहोचायला किती वेळ लागला, आत जायला थांबावे लागले का, आणि कपडे खराब झाले का.

आठवड्यात ३१ वेळा वेग आला. त्यातले ११ सकाळी सहा ते नऊच्या दरम्यानचे होते आणि ५ मध्यरात्रीनंतरचे. माझ्या दारापासून स्वच्छतागृहापर्यंतची ६२ पावले मी मोजली. चालायला पाऊण मिनिट लागत होते, म्हणजे अंतर काही जीवघेणे नव्हते. कपडे मात्र तीनदा खराब झाले होते, आणि ते का हे पाहिल्यावर मागणीच बदलली. दोनदा सकाळी सगळी दारे बंद होती आणि मी बादली धरून रांगेत उभी होते. तिसऱ्यांदा मध्यरात्रीनंतर मार्गिकेतला दिवा बंद होता आणि ज्या संडासात घुसले त्याची कडी तुटलेली होती, म्हणून अंधारात दुसरा शोधावा लागला. थोडक्यात, माझी अडचण अंतराची कमी आणि रांगेची जास्त होती. खोली बदलूनही सकाळची रांग तशीच राहिली असती.

दुसऱ्या पत्रात मी खोलीचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर नेला. पहिली मागणी होती ती तळमजल्यावरच्या पाहुण्यांसाठी असलेल्या, बहुतेक वेळ कुलूपबंद राहणाऱ्या स्वच्छतागृहाच्या एका किल्लीची. ती चौथ्या दिवशी मिळाली, कारण तिच्यासाठी कोणालाही खोली सोडावी लागणार नव्हती. तुमच्याकडे पाहुण्यांचे स्वच्छतागृह नसेल, तर कर्मचाऱ्यांचे असू शकते, आजारी विद्यार्थ्यांच्या खोलीला जोडलेले असू शकते. तेही नसेल तर तुमच्या मजल्यावरच्या एका संडासाला सकाळच्या तीन तासांपुरते प्राधान्य मागता येते, पण दारावर पाटी लावल्याने ते प्राधान्य पाळले जाईलच असे नाही. किल्लीचा उपाय अधिक पक्का.

स्वच्छतागृह कसे हवे, हेही लिहावे. आतून लागणारी कडी, रात्रभर चालू राहणारा दिवा, नळाला अखंड पाणी आणि झाकणाचा डबा या चार गोष्टी लागतात. या आजारात काही जणांचे गुडघे किंवा घोटे सुजतात आणि रक्त गेल्याने अशक्तपणा येतो. तसे असेल तर बसता येईल अशा कमोडची मागणी स्पष्ट करावी, कारण दिवसातून आठ वेळा उकिडवे बसणे अशा वेळी शक्य होत नाही.

आहाराबद्दल नेमके काय मागावे?

पहिली चूक टाळावी ती ‘मला वेगळे जेवण हवे’ असे लिहिण्याची. कोणते अन्न खाल्ल्याने हा आजार होतो किंवा बरा होतो, असे नाही. आहाराने त्रास कमी-जास्त होतो, सूज मात्र औषधानेच उतरते. त्यामुळे मागणी दोन भागांत करावी, आणि हे दोन भाग वेगळे केल्यामुळेच मेसचालक तयार होतो.

आजार शांत असताना बहुतेक जणांना इतरांसारखेच जेवता येते. उगाच दहा पदार्थ वर्ज्य केले तर वजन आणि ताकद दोन्ही जातात. त्या काळासाठी फक्त तुम्हाला स्वतःला नक्की त्रास देणाऱ्या एक-दोन गोष्टी लिहाव्यात. काहींना दूध पचत नाही, काहींना फार तिखट चालत नाही. ही यादी नोंदीतून यावी. शेजारच्या मावशींनी दिलेल्या सल्ल्यातून नव्हे.

आजार उसळतो तेव्हा जेवण बदलावे लागते. त्या दिवसांत कच्च्या कोशिंबिरी, साली, बिया, दाणे आणि जाड कोंडा यांचा न पचलेला चोथा सुजलेल्या आतड्यातून जाताना वेदना आणि वेग वाढवतो. तळलेले, फार तिखट, आणि कडक चहा-कॉफी यांनीही अनेकांचे पोट ढवळते. मऊ शिजवलेला भात, सोललेला उकडलेला बटाटा, गाळून घेतलेले वरण, अंडे किंवा मऊ शिजवलेले मांस खात असाल तर ते, असे जेवण सोसते. येथे एक गोष्ट राहून जाते. नुसत्या भातावर आणि पेजेवर आठवडे काढले तर प्रथिने कमी पडतात, आणि सूज असताना त्यांची गरज वाढलेली असते. साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलीला ६० ते ७५ ग्रॅम. म्हणून पत्रात ‘साधे जेवण’ असे न लिहिता ‘प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक मऊ पदार्थ’ असे लिहावे, नाहीतर ताटात भात आणि ताक एवढेच येते.

वेळेचा मुद्दा पदार्थांइतकाच मोठा आहे. उसळीच्या काळात एका वेळी पोटभर जेवण झेपत नाही, थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे लागते. शिवाय जेवणाच्या मधूनच उठून जावे लागले तर परत येईपर्यंत खिडकी बंद झालेली असते. माझ्या नावाचा झाकलेला डबा मेसमध्ये तासभर ठेवला जावा, ही माझी मागणी सर्वांत लहान होती आणि सर्वांत उपयोगी ठरली.

‘एका मुलीसाठी दुसरा स्वयंपाक होणार नाही’ असे मेसचालक म्हणाले तर?

त्यांचे बरोबर आहे, आणि दुसरा स्वयंपाक लागतही नाही. मी आचाऱ्यांबरोबर अर्धा तास उभी राहिले तेव्हा कळले की भाजी आणि डाळ शिजून तयार असते आणि मसाला नंतर पडतो. त्यामधल्या दोन मिनिटांत एक वाटी बाजूला काढली की काम झाले. डाळ तेवढी गाळणीतून दाबून घ्यायची, भात पाच मिनिटे जास्त ठेवायचा. अडचण स्वयंपाकाची नसते, आठवणीची असते. म्हणून उसळीच्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मेसच्या फळ्यावर ‘खोली २१४ – मऊ जेवण’ असे मी स्वतः लिहीन, असे पत्रातच कबूल केले. फळा कोरा असेल त्या दिवशी नेहमीचे जेवण. यात फळ्यावर आजाराचे नाव येत नाही, हाही फायदा.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात काय असावे? कोलोनोस्कोपीचा अहवाल जोडावा का?

अहवाल जोडू नये. त्यातली छायाचित्रे आणि बायोप्सीचा मजकूर वसतिगृहाच्या फायलीत असण्याचे कारण नाही. प्रमाणपत्रात आजाराचे नाव, तो दीर्घकालीन असून अधूनमधून उसळतो हे, स्वच्छतागृह तातडीने मिळण्याची आणि आहारात बदल करण्याची वैद्यकीय गरज, आणि ही गरज किती काळासाठी, एवढे हवे. ‘विश्रांतीची गरज आहे’ असे मोघम प्रमाणपत्र मिळाले तर पुन्हा मागावे. मुदतीच्या जागी ‘दोन आठवडे’ लिहून घेऊ नये, कारण तसे झाल्यास पंधराव्या दिवशी किल्ली परत मागितली जाते. ‘अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत, वर्षातून एकदा फेरतपासणीसह’ हे शब्द योग्य.

पत्राचा नमुना मिळेल का?

माझे दुसरे पत्र किरकोळ बदल करून देत आहे. खोली क्रमांक आणि आकडे तुमचे घालावेत.

> प्रति,
> माननीय वॉर्डन मॅडम,
> मुलींचे वसतिगृह
>
> विषय : अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे स्वच्छतागृह व आहार यांची व्यवस्था मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून खोली क्र. २१४ मध्ये राहते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. तो काही महिने शांत असतो आणि मध्येच काही आठवडे उसळतो. त्या काळात शौचाचा वेग आल्यापासून माझ्या हातात दोन ते तीन मिनिटे असतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> गेल्या सात दिवसांच्या नोंदीनुसार मला ३१ वेळा जावे लागले, त्यांपैकी ११ वेळा सकाळी सहा ते नऊ या वेळेत आणि ५ वेळा मध्यरात्रीनंतर. सकाळची रांग व रात्रीचा अंधार यांमुळे तीन वेळा मी वेळेत पोहोचू शकले नाही. म्हणून पुढील व्यवस्था व्हावी, ही विनंती.
>
> १. तळमजल्यावरील पाहुण्यांच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली माझ्याकडे असावी. त्याची स्वच्छता राखण्याची जबाबदारी माझी राहील. रात्री जिन्याचे दार बंद असल्यास ते उघडण्याची सूचना पहारेकऱ्यांना द्यावी.
>
> २. पुढील सत्रात खोल्यांचे वाटप करताना मला स्वच्छतागृहालगतची खोली द्यावी. तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावरील मार्गिकेचा दिवा रात्रभर चालू राहावा आणि तेथील तुटलेली कडी दुरुस्त व्हावी.
>
> ३. आजार उसळलेला असताना, मी फळ्यावर नोंद केलेल्या दिवशी, मसाला घालण्यापूर्वी काढलेले मऊ जेवण आणि त्यात प्रथिनांचा एक पदार्थ मिळावा. माझा डबा जेवणाची वेळ संपल्यानंतर एक तास ठेवला जावा. इतर दिवशी मी नेहमीचेच जेवण घेईन.
>
> ४. हजेरीच्या वेळी मी स्वच्छतागृहात असल्यास गैरहजेरी लावू नये. मी दहा मिनिटांत येऊन सही करीन.
>
> ही माहिती आपण, मेसचालक आणि रात्रीचे पहारेकरी यांच्यापुरती राहावी. त्यांना आजाराचे नाव न सांगता केवळ व्यवस्था सांगितली तरी चालेल. आपल्या सोयीच्या वेळी भेटून बोलण्यास मी येऊ शकते.
>
> आपली विश्वासू,
> (सही, दिनांक, खोली क्रमांक)

या पत्रात खोलीची मागणी पुढच्या सत्रासाठी आहे, हे लक्षात घ्यावे. आज शक्य असलेली आणि आज शक्य नसलेली मागणी एकाच ओळीत ठेवली की दुसरीमुळे पहिलीलाही नकार मिळतो.

औषधांचा उल्लेख करावा का?

वसतिगृहाच्या व्यवस्थेशी संबंध येत असेल तरच. शीतकपाटात ठेवायचे इंजेक्शन असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाची जागा लागते, म्हणून ते लिहावे. रात्री मेसालामाइनचा एनिमा घेणाऱ्यांना तो घेऊन डाव्या कुशीवर पडून राहावे लागते आणि औषध शक्यतो रात्रभर आत ठेवायचे असते. अशा वेळी दहा वाजता एनिमा आणि सव्वादहाला खाली हजेरी हे जमत नाही. मी हजेरी आटोपल्यावर साडेदहाला घेऊ लागले आणि प्रश्न मिटला. हजेरी त्याहून उशिरा असेल, तर सवलत मागावी.

औषधपेटीबद्दल मात्र एक वाक्य वॉर्डनना जरूर सांगावे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या सूज तीव्र असताना धोकादायक ठरू शकतात, कारण त्यांनी आतडे सुस्त होऊन फुगण्याची भीती असते. आपुलकीने दिलेली गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेता येत नाही.

तातडीच्या प्रसंगाबद्दल पत्रात लिहावे का?

पत्रात नको, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती वॉर्डनकडे बंद पाकिटात द्यावी. चिठ्ठीत घरचा आणि डॉक्टरांचा संपर्क, चालू औषधे, आणि कोणत्या स्थितीत त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे हे असावे. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि त्यासोबत ३७.८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप किंवा मिनिटाला ९० पेक्षा जास्त नाडी, ही तीव्र उसळीची खूण डॉक्टर मानतात. पोट फुगून टणक होणे किंवा चक्कर येऊन उभे न राहता येणे, हेही त्यात लिहावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर साधा वाटणारा तापही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावा, असे खाली जोडावे.

खोलीतल्या मैत्रिणींना सांगावे का?

तो निर्णय सर्वस्वी तुमचा. मी एकीलाच सांगितले होते, कारण रात्री चार वेळा दार वाजले की ती जागी व्हायची आणि तिने अंदाज बांधण्यापेक्षा तिला खरे कारण कळणे मला बरे वाटले.

पत्र कधी द्यावे, आणि उत्तर आले नाही तर?

आजार शांत असताना, शक्यतो खोल्यांचे वाटप होण्यापूर्वी द्यावे. उसळीच्या मधोमध पत्र लिहायला ना ताकद असते ना शब्द सुचतात. दोन प्रती काढून एकीवर पोच म्हणून सही आणि दिनांक घ्यावा. आठ दिवसांत उत्तर नाही आले तर पुन्हा सगळे न लिहिता, पहिल्या पत्राचा दिनांक देऊन फक्त किल्लीबद्दल दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे आणि त्याची प्रत प्राचार्यांना पाठवावी. मला स्मरणपत्राची गरज पडली नाही. कडी मात्र सहा आठवड्यांनी बसली, आणि तीही मी तिसऱ्यांदा सांगितल्यावर.